ग्रेस्केल सेट केला तरी काळोख्या सीनमध्ये लालसर-हिरवट झाक आणि केसांचा डांबरगोळा: स्लायडरला हात लावायच्या आधी काय तपासायचं

कलरीमीटर, म्हणजे स्क्रीनचा उजेड आणि रंग मोजणारं मीटर, लावून टीव्ही सेट केला, ग्राफ बऱ्यापैकी सरळ आला, सरासरी गामा, म्हणजे किती सिग्नलला किती उजेड येतो त्याचा आकडा, पण बरोबर दिसतोय आणि तरी रात्री सिनेमा लावला की हिरोचे केस म्हणजे नुसता डांबराचा गोळा, नाहीतर सावलीतल्या भिंतीवर लाल झाक. सांगली-मिरजेत ओळखीपाळखीत मी हाच एक दोष इतक्यांदा निस्तरलाय की आता फोनवर दोन प्रश्न विचारले की अंदाज येतो. माझा हा धंदा नाही, एक कलरीमीटर आहे, जुना लॅपटॉप आहे आणि HCFR हे फुकटातलं सॉफ्टवेअर, एवढंच भांडवल. पण दहातल्या आठ वेळा दोष ग्रेस्केलच्या, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या राखाडी छटांचा रंग जुळवणाऱ्या, स्लायडरमध्ये नसतोच, तो त्याच्या आधी कुठेतरी असतो आणि लोक स्लायडर फिरवत बसतात.

लक्षणं आधी बघा

पांढरं शर्ट, क्रिकेटचं मैदान, बातम्यांचा स्टुडिओ सगळं ठीक, फक्त काळोखात रंग चढतो. किंवा काळोखातला तपशीलच गायब, काळा कोट आणि काळी पँट एकच. किंवा तोच पॅच, म्हणजे मोजण्यासाठी स्क्रीनवर लावलेला एकाच छटेचा चौकोन, दोनदा मोजला तर दोन वेगळी रीडिंग. किंवा लॅपटॉपवरून मस्त दिसतं आणि टीव्हीतल्याच अ‍ॅपवर लावलं की परत जैसे थे.

अजून एक तक्रार येते, "सगळं पिवळं दिसतंय". हा बहुतेक वेळा दोष नसतो. दुकानातून आलेला टीव्ही बहुतेक निळसर ठेवलेला असतो, डोळ्याला त्याची सवय झालेली असते, त्यामुळे खरा पांढरा सुरुवातीला पिवळट वाटतो. दोन-तीन संध्याकाळी तसाच बघा आणि मग जुन्या मोडवर जाऊन या, तेव्हा जुनाच निळा वाटेल. त्यानंतरही पिवळा वाटला तर पुढे वाचा.

आणि हो, कुणीतरी हमखास म्हणतं व्होल्टेज कमी-जास्त होतंय म्हणून रंग बदलतो, स्टॅबिलायझर बसवा. आताच्या टीव्हीचा पॉवर सप्लाय साधारण १०० ते २४० व्होल्टमध्ये चालतो आणि आत पॅनेलला ठरलेलंच व्होल्टेज देतो. सावलीत लाल झाक त्याने येत नाही.

फुकटातलं पहिलं: टीव्ही स्वतःहून काय काय करतोय

मोड आधी बघा. सिनेमा, मूव्ही किंवा फिल्ममेकर यातला एक घ्या, कलर टेंपरेचर वॉर्मवर ठेवा, आणि मग खोलीतला उजेड बघून ब्राइटनेस बदलणारा सेन्सर, वीज वाचवणारा इको मोड, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, लोकल डिमिंग हे सगळं मोजताना बंद करा. कारण सरळ आहे, तुम्ही २० टक्क्याचा राखाडी पॅच लावला आणि टीव्हीने मनानेच बॅकलाइट खाली ओढला तर मीटर जे मोजतंय ते पॅनेल नाही, टीव्हीचा त्या क्षणीचा मूड आहे. त्यावर केलेली दुरुस्ती दुसऱ्या सीनला लागू होतच नाही.

बंद झालंय का ते मेनूवर विश्वास ठेवून ठरवू नका, मोजून ठरवा. ५० टक्क्याचा पॅच मोजा, मग २० चा, मग ८० चा, मग परत ५० चा. पहिलं आणि शेवटचं रीडिंग जवळपास सारखं आलं पाहिजे. दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर काहीतरी अजून चालू आहे किंवा टीव्ही अजून तापला नाही. टीव्ही चालू करून किमान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, मीटरही तेवढा वेळ स्क्रीनला टेकवून ठेवा म्हणजे ते पण काचेइतकं कोमट होतं.

ओएलईडी असेल तर पूर्ण स्क्रीनभर पांढरा पॅच लावून मोजू नका. पूर्ण पांढऱ्याला तो स्वतःचा उजेड कमी करतो, त्यामुळे वरचा गामा चुकीचा येतो. मध्ये छोटी खिडकी, स्क्रीनच्या साधारण १० टक्के, आणि भोवती काळं, असा पॅच घ्या.

आता या टप्प्यातलं सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण. बऱ्याच टीव्हीत सेटिंग प्रत्येक इनपुटला आणि प्रत्येक मोडला वेगळी साठवली जाते. तुम्ही लॅपटॉप लावून HDMI 2 वर दोन तास घाम गाळला आणि घरातली माणसं सिनेमा बघतात टीव्हीतल्या अ‍ॅपवर, तिथे तुमच्या कामाचा पत्ताच नाही. काही टीव्हीत "सगळ्या इनपुटला लावा" असा पर्याय असतो. नसेल तर आकडे वहीत लिहा आणि हाताने दुसरीकडे भरा. एचडीआरची सेटिंग तर पूर्ण वेगळीच असते, या पोस्टमधलं काहीच तिथे चालत नाही, तिथे गामाच वेगळा असतो.

लॅपटॉपवर पण एक नजर टाका. विंडोजमधलं `Night light` चालू राहिलं तर संध्याकाळ झाली की पॅच केशरी व्हायला लागतो आणि आपण बिचाऱ्या टीव्हीचा लाल कमी करत बसतो. मी स्वतः हे केलंय, तासभर.

दुसरं फुकटातलं: काळा कुठे सुरू होतो

इथे मावसभावाची गोष्ट सांगतो, कारण त्यात सगळंच आलं.

विश्रामबागला राहतो, ५५ इंची व्हीए जातीच्या एलसीडी पॅनेलचा टीव्ही, स्वतःच मीटर आणून सेट केलेला. फोन आला, "दादा, गामा अगदी बरोबर आलाय बघ, पण मावशी म्हणते काळोखात काहीच दिसत नाही आणि जे दिसतं ते लाल." गेलो. आधी वर सांगितलेलं सगळं बंद केलं, पांढरा १२० निटवर ठेवला, निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप, आणि चारच ठिकाणी मोजलं. लक्ष्य गामा २.२ होतं. काळा ०.०३ निट.

| पॅच | २.२ साठी हवं | मिळालं | त्या ठिकाणचा गामा |
|---|---|---|---|
| १० टक्के | ०.७६ निट | ०.१५ निट | २.९ |
| २० टक्के | ३.५ निट | २.१५ निट | २.५ |
| ५० टक्के | २६.१ निट | २७.२ निट | २.१ |
| ८० टक्के | ७३.४ निट | ८५.८ निट | १.५ |

चौघांची सरासरी काढा, साधारण २.२५ येते. म्हणजे "अगदी बरोबर". आणि प्रत्यक्षात खाली उजेड पाचपट कमी, वर १७ टक्के जास्त. सरासरी गामा बघून खूष होणं म्हणजे एका हाताला चटका आणि एका हाताला बर्फ लावून अंग कोमट आहे म्हणण्यासारखं आहे.

गामाचा आकडा म्हणजे काय ते इथेच सांगून टाकतो. टीव्हीला ५० टक्के सिग्नल दिला तर उजेड अर्धा येत नाही, येऊ पण नये. सिग्नलला गामाचा घात लावायचा, तेवढा हिस्सा उजेड. ०.५ चा २.२ वा घात ०.२१८, म्हणून १२० निटच्या टीव्हीवर ५० टक्क्याला २६ निट. उलट बाजूने, मोजलेल्या उजेडावरून गामा काढायचा तर:

```
gamma = log(L / Lw) / log(V)
log(27.2 / 120) / log(0.5) = 2.14
```

`L` म्हणजे मोजलेलं, `Lw` म्हणजे १०० टक्के पांढरा, `V` म्हणजे सिग्नल. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. आकडा मोठा तर तो भाग हवा त्यापेक्षा काळपट, लहान तर धुरकट. म्हणून सरासरी बघायची नाही, प्रत्येक ठिकाणचा आकडा बघायचा आणि तो एका ओळीत आहे का बघायचं.

आता वरचा तक्ता परत बघा. खाली २.९, मध्ये जवळपास बरोबर, वर १.५, हा उतार म्हणजे एका विशिष्ट रोगाची सही आहे. व्हिडिओमध्ये काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, कॉम्प्युटर मात्र ० ते २५५ वापरतो. लॅपटॉप ० ते २५५ पाठवत होता आणि टीव्ही १६ ते २३५ समजून वाचत होता. मग १० टक्क्याचा पॅच, जो लॅपटॉपच्या भाषेत २५-२६ नंबर, तो टीव्हीच्या भाषेत फक्त ४ टक्के. ५ टक्क्याचा तर १६ च्या खालीच गेला, पूर्ण काळा. वरच्या टोकाला ९२ टक्क्यांच्या वरचं सगळं सपाट पांढरं. आणि ५० टक्के मात्र मधोमध असल्यामुळे जवळपास जागच्या जागी राहतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. याच्या उलटं झालं, म्हणजे टीव्ही ० ते २५५ समजतोय आणि येतंय १६ ते २३५, तर काळा राखाडी दिसतो आणि सगळ्यावर पीठ भुरभुरल्यासारखं वाटतं.

उपाय पाच मिनिटांचा. टीव्हीच्या मेनूत HDMI च्या काळ्या पातळीचा पर्याय असतो, आणि लॅपटॉपच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये `Output dynamic range` किंवा तसंच काहीतरी, तिथे `Limited` आणि `Full`. दोन्हीकडे एकच भाषा ठेवा. एवढी कटकट नको असेल तर फुकट मिळणारे AVS HD 709 चे पॅटर्न पेन ड्राइव्हवर घालून टीव्हीतूनच लावा, लॅपटॉपचा प्रश्नच मिटला. त्यातला काळ्या पट्ट्यांचा पॅटर्न लावून खोलीत अंधार करा. १६ नंबरची पट्टी दिसायला नको, १७-१८ जेमतेम दिसायला हवी, त्याप्रमाणे ब्राइटनेस ठेवा. पांढऱ्या पट्ट्यांत २३४ पर्यंत वेगळं दिसायला हवं, त्याप्रमाणे कॉन्ट्रास्ट. हे ग्रेस्केलच्या आधीच करायचं, कारण ब्राइटनेसचा स्लायडर नंतर हलवला की गामाचा खालचा सगळा भाग हलतो आणि केलेलं काम वाया.

मावसभावाकडे हे जुळवल्यावर १० टक्क्याला ०.८ निट आले, २० ला ३.६, चारही ठिकाणी गामा २.२ च्या आसपास. स्लायडर एकही फिरवला नव्हता. आणि तेव्हाच सावल्या आधीपेक्षा जास्त लाल झाल्या.

का, तर त्याने आधी १०-पॉइंटच्या मेनूत, जिथे दर १० टक्क्याला रंग वेगळा बदलता येतो, तिथे जाऊन १० आणि २० टक्क्याचा लाल भरपूर वाढवून ठेवला होता. ०.१५ निटवर त्याच्या मीटरला नीट दिसतच नव्हतं, कधी लाल कमी दाखवायचं कधी हिरवा, हा आपला वाढवत गेला. जोवर तो भाग काळोखात बुडालेला होता तोवर ते लाल थोडंच दिसायचं, उजेड बरोबर झाल्यावर सगळं उघडं पडलं. मावशी मागून म्हणाली, "आता तर हळद-कुंकवाचं ताट दिसतंय."

त्यामुळे नियम असा ठेवा, वरचं काहीही बदललं तर ग्रेस्केलची सगळी सेटिंग रीसेट करायची, २-पॉइंट आणि १०-पॉइंट दोन्ही शून्यावर, आणि नव्याने मोजायचं. जुन्या दुरुस्तीवर नवी दुरुस्ती चढवू नका.

मीटर खोटं बोलत नाही ना

याला थोडा वेळ लागतो, पैसे अजून लागत नाहीत. मीटर काचेला सपाट टेकलंय का, बाजूने उजेड आत जात नाही ना, हे बघा. खिडकीतून चारचं ऊन येत असलेल्या हॉलमध्ये काळोखाचे पॅच मोजू नका, रात्री मोजा, लाइट बंद करून. सोप्पी परीक्षा, काळा पॅच लावून मोजा, मग मीटरवर जाड काळं कापड टाकून परत मोजा. आकडा खाली आला तर बाहेरचा उजेड शिरत होता.

मग सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेचा प्रकार. कलरीमीटर रंगाचा पूर्ण वर्णपट बघत नाही, तीन-चार फिल्टरमधून उजेड बघतं आणि हिशेब लावतं. पांढऱ्या एलईडीचा बॅकलाइट, जास्त रंग दाखवणारा नवा बॅकलाइट आणि ओएलईडी, या तिघांचा पांढरा डोळ्याला सारखा असला तरी आतली मिसळण वेगळी असते. चुकीचा प्रकार निवडला की मीटर म्हणतं पांढरा बरोबर आहे आणि डोळ्याला तो गुलाबी किंवा हिरवट दिसतो. ही झाक काळोखापासून पांढऱ्यापर्यंत सगळीकडे सारखी असते, फक्त काळोखात असेल तर दोष दुसरीकडे आहे. आपल्या पॅनेलच्या जातीची दुरुस्ती फाइल निवडा, नेमकं मॉडेल नाही मिळालं तरी जात बरोबर पाहिजे.

सेकंडहँड मीटर घेतलं असेल तर सांभाळून. जुन्या काही कलरीमीटरचे फिल्टर वर्षानुवर्षं दमट हवेत राहून उतरतात, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या पुस्तकांना पण बुरशी येते. मी माझं स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो.

काळोखाच्या पॅचला एक रीडिंग घेऊन चालत नाही. पांढरा १०० निट आणि गामा २.४ असेल तर ५ टक्क्याला फक्त ०.०७५ निट येतात, इतक्या कमी उजेडात स्वस्त मीटर चाचपडतं. तोच पॅच पाच वेळा मोजा. `x` आणि `y`, म्हणजे मीटरने दाखवलेले रंगाचे दोन आकडे, दर वेळी दुसऱ्या दशांशात उड्या मारत असतील तर त्या पॅचच्या रंगावर विश्वास ठेवू नका आणि त्याला दुरुस्त करायला जाऊ नका. सॉफ्टवेअरमध्ये कमी उजेडाला जास्त वेळ किंवा सरासरी घ्यायचा पर्याय असतो, तो लावा, त्याने बरंच सुधारतं.

आता खरा ग्रेस्केल, आणि लक्ष्य आकडे म्हणजे काय

पांढऱ्याचं लक्ष्य म्हणजे D65: `x` ०.३१२७, `y` ०.३२९०. हा रंगाच्या नकाशावरचा पत्ता आहे. सिनेमा, मालिका ज्या मॉनिटरवर तयार होतात त्यांचा पांढरा इथे असतो, म्हणून आपलाही तिथे आणायचा, काळोखातल्या राखाडीपासून पांढऱ्यापर्यंत सगळ्यांचा पत्ता एकच.

लोक याला नुसतं "६५०० केल्विन" म्हणतात आणि तिथेच फसतात. केल्विनचा आकडा म्हणजे सांगली-कोल्हापूर रस्त्यावरचा किलोमीटरचा दगड समजा. दगड बरोबर असला तरी तुम्ही डांबरावर आहात की उसात शिरलाय ते तो सांगत नाही. `x` ०.३११ आणि `y` ०.३४५ असेल तरी केल्विन साधारण ६५००च येतो, पण तो पांढरा सरळ हिरवट असतो. एका बाजूला गेलं की हिरवट, दुसऱ्या बाजूला गेलं की गुलाबी-जांभळट. म्हणून केल्विन बघायचाच नाही, `x` आणि `y` बघा किंवा लाल-हिरवा-निळा या तीन पट्ट्यांचा बॅलन्स.

मावसभावाच्या टीव्हीवर रीसेटनंतर ८० टक्क्याला `x` ०.३०१, `y` ०.३१२ आला, केल्विनमध्ये ७४०० च्या आसपास. पट्ट्यांत लाल ९७, हिरवा ९९, निळा ११६. म्हणजे निळा जास्त, बाकी दोघं जवळपास ठीक.

२-पॉइंटमध्ये दोन जाती असतात, गेन आणि ऑफसेट. गेन वरच्या भागावर जास्त चालतो, तो ८० टक्क्याच्या पॅचवर लावायचा. ऑफसेट खालच्या भागावर, तो ३० किंवा २० टक्क्यावर. इथे निळ्याचा गेन कमी करायचा, लालचा वाढवायचा नाही. वाढवला की पांढऱ्याजवळ तो रंग छतावर आपटतो, त्यापुढे वाढतच नाही आणि ढगांच्या कडा रंगीत होतात. आणि निळा कमी केला म्हणून टीव्ही काळपट होईल ही भीती नको, उजेडात हिरव्याचा वाटा ७२ टक्के, लालचा २१, निळ्याचा जेमतेम ७. इथे निळा ११६ वरून ९७ ला आणला तरी उजेड दीड टक्कासुद्धा कमी होत नाही. याच कारणाने हिरव्याला शक्यतो हात लावू नये, तो हलला की उजेड आणि गामा दोन्ही हलतात.

मग ३० टक्के. तिथे लाल १०४, निळा ९५. लालचा ऑफसेट एक-दोन घर खाली, निळ्याचा वर. ऑफसेट फार तिखट असतो, एकेक घरच हलवा. मग परत ८० ला जा, तो थोडा सरकलेला असणार, तो नीट करा, परत ३०. अशा दोन-तीन फेऱ्या लागतात, एका फेरीत कुणाचंच होत नाही. शेवटी ८० ला `x` ०.३१३, `y` ०.३२९ आणि २० ला ०.३१५, ०.३३१ वर थांबलो.

रंग लक्ष्यापासून किती चुकलाय याचा एक आकडा पण सॉफ्टवेअर दाखवतं, डेल्टा ई. तीनच्या खाली असेल तर सिनेमा बघताना सहसा कळत नाही, एकच्या खाली तर शेजारी शेजारी ठेवूनही अवघड. २० टक्क्यांच्या वरच्या पॅचना सगळीकडे डेल्टा ई दोनच्या आत आलं की मी मीटर गुंडाळतो. ०.८ चा ०.५ करायला जो तास जातो त्यात एक सिनेमा बघून होतो.

गामा २.२ की २.४

संध्याकाळी ट्यूबलाइट चालू असलेल्या हॉलमध्ये २.२. खोलीत अंधार करून बघणार असाल तर २.४. बाहेरच्या उजेडाने काळोखातला तपशील डोळ्याला दिसेनासा होतो म्हणून तिथे तो थोडा उचलून द्यावा लागतो, एवढंच कारण. १२० निटवर ५० टक्क्याला २.२ मध्ये २६.१ निट आणि २.४ मध्ये २२.७. दोन मोड दोन कामांना ठेवा, दिवसाचा आणि रात्रीचा.

मेनूत BT.1886 असं दिसलं तर ते २०११ चं स्टँडर्ड आहे, पाया २.४ चाच पण तुमच्या टीव्हीचा काळा किती काळा आहे ते धरून. ओएलईडीवर काळा शून्य, म्हणून तो जवळपास सरळ २.४ होतो. आयपीएस जातीच्या एलसीडी पॅनेलवर पांढरा १०० निट असताना काळाच ०.१ निटच्या आसपास असतो, मग BT.1886 खालचा भाग उचलून धरतं आणि वरच्या सूत्राने गामा काढला तर खाली आकडा लहान दिसतो. तो दोष नाही, त्याला ओढून २.४ करायला गेलात की परत डांबरगोळा. आयपीएसचा काळा बऱ्याचदा निळा-जांभळट पण असतो, ५ टक्क्याच्या पॅचमध्ये तो गळणारा बॅकलाइटच मोजला जातो. त्याला कुठलाच स्लायडर पुसू शकत नाही.

गामाचा स्लायडर आधी वापरा. २.१ ते २.३ मध्ये सगळी ठिकाणं बसली तर पुढे जाऊच नका. एखाद्याच ठिकाणी खड्डा किंवा कुबड असेल तर मग १०-पॉइंट किंवा २०-पॉइंट, आणि तेही वरून खाली यायचं, प्रत्येक ठिकाणी छोटे बदल. शेजारच्या दोन पॉइंटमध्ये मोठा फरक ठेवला तर ग्राफ सुंदर येतो आणि संध्याकाळच्या आभाळात पायऱ्या दिसायला लागतात. करड्या रंगाची काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सलग जाणारी पट्टी लावून डोळ्याने बघा, तिच्यात रंगीत पट्टे किंवा पायऱ्या दिसल्या तर शेवटचे बदल मागे घ्या. १० टक्क्याच्या खाली मी काहीच करत नाही.

कुठे थांबायचं

निळ्याचा गेन तळाला नेला तरी निळा जास्तच येतोय, किंवा स्क्रीनवर जागोजागी जांभळे-निळे डाग आहेत, कडेला वेगळा पांढरा आणि मध्ये वेगळा, तर तो कॅलिब्रेशनचा विषयच नाही. एलसीडीच्या मागच्या एलईडी पट्ट्या खराब झाल्यात. नुकत्याच दुरुस्तीत पट्ट्या बदलल्या असतील तरी असं होतं, नव्या पट्ट्या मूळच्यापेक्षा निळ्या असू शकतात. तिथे टीव्हीचा मेकॅनिक, आणि पाठ उघडायची ती त्यानेच, आतल्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर प्लग काढल्यावरही शॉक देण्याइतके भरलेले राहू शकतात.

रिमोटची बटणं ठराविक क्रमाने दाबून उघडणारा सर्व्हिस मेनू सोडून द्या. तिथे पॅनेलचा प्रकार निवडायची पण जागा असते, एक घर चुकलं की स्क्रीन उलटी किंवा पूर्ण काळी, आणि परत यायला मेनूच दिसत नाही. तसला एक टीव्ही मी बघितलाय, माझ्या हातून नव्हे, पण परत आणता मलाही आला नाही.

मीटर सांगतंय पांढरा बरोबर, प्रकार पण बरोबर निवडलाय, आणि घरातल्या तिघांना तो वेगवेगळ्या दिवशी हिरवट दिसतोय, तर मीटरच उतरलंय किंवा तुमच्या पॅनेलला त्याची फाइल जुळत नाही. याला स्पेक्ट्रो लागतो, जो वर्णपट मोजतो आणि त्यावरून तुमच्या कलरीमीटरची तुमच्याच टीव्हीसाठी दुरुस्ती फाइल करता येते. एवढ्या एका कामासाठी तो विकत घेण्यात अर्थ नाही, तो असलेला कॅलिब्रेटर बोलवा, फी आधी विचारून घ्या, आणि तो आला की त्याला दुरुस्ती फाइल तुम्हाला देऊन जायला सांगा, पुढच्या वेळी तुमचंच मीटर चालेल. एचडीआरचंही काम त्याच फेरीत त्याच्याकडूनच करून घ्या.

मावसभावाचा टीव्ही त्या रात्री पावणेबाराला झाला. लोकल डिमिंग परत कमीवर चालू केलं, आकडे टीव्हीतल्या अ‍ॅपच्या मोडमध्ये हाताने भरले, आणि सगळ्या मेनूंचे मोबाईलवर फोटो काढून ठेवले, कारण घरातल्या कुणीतरी रीसेट दाबणारच होतं. महिन्याभरात दाबलंच.